नागपुरात ड्रोनचा धंदा: फवारणी, लग्न की सर्व्हे? नव्या माणसाचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच ड्रोन घेऊन शेती, लग्न आणि सर्व्हे ही तिन्ही कामं करता येतील का?

नाही. फवारणीचा ड्रोन म्हणजे पंप, टाकी आणि नोझल उचलणारं यंत्र, त्यावर लग्नाचा कॅमेरा लावण्यात काही अर्थ नाही. लग्नाचा ड्रोन अडीचशे ग्रॅमपासून किलोभराचा असतो आणि त्याची सगळी किंमत कॅमेरा आणि तो स्थिर धरणाऱ्या गिंबलमध्ये असते. सर्व्हेच्या ड्रोनला फोटो काढण्याच्या क्षणी आपण नेमके कुठे आहोत हे सेंटीमीटरच्या हिशेबात कळावं लागतं. लग्नाच्या ड्रोनने प्लॉटचे सुंदर फोटो येतील, पण त्यावरून मापं काढू नयेत.

त्यामुळे आधी काम ठरवा, मग यंत्र. नागपूरच्या भोवताली कपाशी, सोयाबीन, तूर, धान आणि संत्रा आहे. शहराच्या कडेने लेआउट पडत आहेत आणि लग्नसराईत लॉन भरलेले असतात. मागणी तिन्हीकडे आहे, पण नवा माणूस सर्वांत जास्त फसतो तो फवारणीत, कारण तिथे गुंतवणूक मोठी असते आणि हिशेब वरवर सोपा दिसतो. म्हणून या पानावर फवारणीला जास्त जागा दिली आहे.

फवारणीच्या ड्रोनची टाकी दहा लिटरचीच का असते? मोठी का घेऊ नये?

ड्रोन नियम २०२१ मध्ये वजनाप्रमाणे वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल आणि त्यापुढे १५० किलोपर्यंत मीडियम. हे वजन भरलेल्या टाकीसकट आणि बॅटरीसकट धरतात. दहा लिटरचा ड्रोन भरून २५ किलोच्या जेमतेम आत बसतो, म्हणून बाजारात हाच आकार जास्त दिसतो. सोळा लिटरचा घेतला की तुम्ही मीडियम वर्गात जाता आणि पायलटचं प्रमाणपत्रही त्या वर्गाचं लागतं. पहिलं यंत्र स्मॉल वर्गातलंच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एका एकराला किती वेळ लागतो?

विक्रेता सांगतो, सात मिनिटं. ते खोटं नाही, अपुरं आहे. हिशेब असा मांडा. ड्रोन पिकाच्या वर दोन मीटरवर, सेकंदाला ४ मीटर वेगाने उडतोय आणि फवाऱ्याचा पट्टा ४ मीटर रुंद पडतोय. म्हणजे सेकंदाला १६ चौरस मीटर झाले. एकर ४,०४७ चौरस मीटरचा, तेव्हा निव्वळ फवारणी साधारण सव्वाचार मिनिटांची. एकराला दहा लिटर पाणी द्यायचं तर पंपाने मिनिटाला २.४ लिटर सोडायला हवेत. चार नोझल असतील तर प्रत्येकातून मिनिटाला ६०० मिली.

वळणं, धुऱ्यापर्यंत जाणं-येणं, चढणं-उतरणं धरून उड्डाण साडेसहा-सात मिनिटांचं होतं. उतरल्यावर बॅटरी बदलणं आणि टाकी भरणं यात तीन मिनिटं जातात. म्हणजे एकराला दहा मिनिटं, तासाला सहा एकर. कागदावर इथपर्यंत सगळं छान दिसतं. पुढे अडतं ते बॅटरीपाशी.

बॅटरीच्या किती जोड्या घ्याव्या?

धंदा तरतो की बुडतो ते याच प्रश्नावर ठरतं. दहा लिटरच्या बऱ्याच ड्रोनला २२,००० एमएएचच्या दोन बॅटऱ्यांची जोडी लागते. भरलेली टाकी उचलून एक एकर झाला की ती जोडी उतरवायची. उतरलेली बॅटरी गरम असते आणि गरम असताना चार्जिंगला लावली तर लवकर फुगते. म्हणून पंधरा-वीस मिनिटं सावलीत थंड करायची, मग तासभर चार्जिंग. म्हणजे उतरलेली जोडी पुन्हा उडायला जवळपास ऐंशी मिनिटं लागतात.

आता एक सकाळ मांडून पाहू. कळमेश्वर तालुक्यातलं सोयाबीन, काम साडेसहाला सुरू, दहाला वारा उठतो म्हणून थांबायचं. हाती साडेतीन तास. तुमच्याकडे चार जोड्या आहेत, रात्री घरी भरून आणलेल्या, आणि चार्जर एका वेळी दोन जोड्या भरतो. पहिले चार एकर चाळीस मिनिटांत होतात. मग ड्रोन उभा. पहिली जोडी पुन्हा तयार होते सुरुवातीपासून जवळपास दीड तासाने, दुसरी त्यानंतर दहा मिनिटांनी, पुढच्या दोन आणखी तासाभराने. दहा वाजेपर्यंत आठ, फार तर नऊ एकर होतात. संध्याकाळी साडेचार ते साडेसहा आणखी सहा. दिवसाला चौदा एकर धरा. कागदावरच्या "तासाला सहा" या आकड्याने तुम्ही तेहतीस धरले होते.

नऊ जोड्या आणि एका वेळी तीन जोड्या भरणारा चार्जर असेल तर त्याच सकाळी पंधरा एकर आणि संध्याकाळी नऊ एकर निघतात, तेही एका वावरातून दुसऱ्या वावरात जायचा वेळ धरून. पण तीन जोड्या एकदम भरायला साडेतीन किलोवॉटच्या आसपास वीज लागते, म्हणजे पाच केव्हीएचं जनरेटर. शेतातल्या पंपाच्या विजेवर विसंबू नका, ती कधी असेल ते तुमच्या हातात नाही.

मग एकरी ४०० रुपयांत परवडतं का?

इथले आकडे उदाहरणापुरते धरले आहेत, तुमचे आकडे घालून हाच हिशेब करा. जोडीची किंमत ५०,००० धरली आणि ती २५० वेळा भरली गेली, तर बॅटरीची झीजच एकरी २०० रुपये. ती ४०० वेळा चालली तर १२५. पेट्रोल एकरी ४०. पायलट आणि मदतनीस दिवसाचे १,५००, गाडी ८००.

चौदा एकरांच्या दिवशी माणसं आणि गाडी एकरी १६४ रुपयांना पडतात. बॅटरी २५० फेऱ्यांत संपली तर खर्च ४०४, म्हणजे एकरी चार रुपये खिशातून. ४०० फेऱ्या निघाल्या तर खर्च ३२९ आणि दिवसाला सुमारे हजार रुपये हातात. चोवीस एकरांच्या दिवशी माणसं-गाडीचा खर्च एकरी ९६ वर येतो आणि सांभाळलेल्या बॅटरीवर दिवसाला सव्वातीन हजारांच्या वर उरतात. यातून यंत्राचा हप्ता, विमा आणि दुरुस्ती अजून जायची आहे. खरीपाचे पंचेचाळीस दिवस काम मिळालं असं धरून वर्षाचा आकडा काढा, पूर्ण बारा महिन्यांचा काढू नका.

यातून दोन गोष्टी निघतात. एकमेकांना लागून असलेली वावरं एकाच दिवशी मिळवणं हे भाव वाढवण्यापेक्षा महत्त्वाचं. गावातल्या एका शेतकऱ्याच्या दोन एकरांसाठी चाळीस किलोमीटर जाणं तोट्याचं. त्याच्या शेजारच्या सहा जणांना आदल्या संध्याकाळी फोन करून एका धुऱ्यावरून सगळं उरकणं फायद्याचं. दुसरं म्हणजे बॅटरी जपणं. पूर्ण खाली करू नका, पाव भाग उरला की उतरवा. दोन-तीन दिवस काम नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. भरून ठेवलेली बॅटरी पावसाच्या आठवड्यात आपोआप खराब होते. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. फुगलेली जोडी "आणखी दोन फेऱ्या" म्हणून वापरू नका, तिच्यामुळे वीस-पंचवीस किलोचं यंत्र खाली येऊ शकतं.

औषधाचं प्रमाण कसं धरायचं?

मात्रा एकराची असते, पाण्याची नसते. नवा माणूस हमखास चुकतो तो इथेच. समजा, एका औषधाची शिफारस एकरी १०० मिली, २०० लिटर पाण्यात. पाठीवरच्या पंपासाठी शेतकरी ती "दहा लिटरला पाच मिली" अशी लक्षात ठेवतो. आता ड्रोनची टाकीही दहा लिटरची. तो सवयीने पाच मिली टाकतो, एकरभर फवारतो आणि आठवड्याने म्हणतो, ड्रोनने काही होत नाही. एकराला शंभराऐवजी पाच मिली गेलं, विसाव्या भागाने काय होणार! ड्रोनमध्ये शंभर मिलीच टाकायचं, फक्त पाणी दहा लिटर.

याची दुसरी बाजूही आहे. हे द्रावण पाठीवरच्या पंपाच्या वीस पट घट्ट असतं. दोन-तीन औषधं एकत्र करायची असतील तर आधी काचेच्या बाटलीत त्याच प्रमाणात मिसळा आणि अर्धा तास ठेवा. फाटलं, गोळे झाले किंवा तळाला बसलं, तर टाकीतही तेच होईल. पावडरची औषधं आधी वेगळ्या बादलीत विरघळवून, गाळून मगच टाकीत घाला. आणि लेबलवर ड्रोनने वापरायला परवानगी आहे का ते वाचा. नसेल तर शेतकऱ्याने कितीही आग्रह केला तरी नाही म्हणा.

घट्ट द्रावण हाताळणाऱ्या मदतनिसाला हातमोजे, मास्क, चष्मा द्या. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. ड्रोनमुळे माणूस उंच पऱ्हाटीच्या आत जात नाही, हा या यंत्राचा खरा फायदा. पण टाकी भरणाऱ्याच्या अंगावर विसपट घट्ट औषध सांडत असेल तर तो फायदा उरत नाही.

फवारणी नीट झाली हे कसं ओळखायचं?

आधी जमिनीवर तपासा. टाकीत साधं पाणी घ्या, प्रत्येक नोझलखाली मोजपात्र धरा आणि मिनिटभर पंप चालवा. चौघांतून ६०० मिलीच्या आसपास यावं. एखाद्यातून ५४० पेक्षा कमी आलं तर ते काढून मऊ ब्रशने साफ करा, सुई घालू नका, भोक मोठं होतं. शेतात पिकाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पानाला पाणी पडलं की रंग बदलणारा कागद लावा. वरच्या कागदावर दाट ठिपके आणि खालच्यावर काहीच नाही, असं दिसलं तर वेग कमी करा.

चार-पाच दिवसांनी शेतात हिरवे-पिवळे पट्टे दिसले तर त्यांची रुंदी मोजा. पट्टा फवाऱ्याच्या पट्ट्याएवढा, म्हणजे चार मीटरचा असेल तर दोन फेऱ्यांमधलं अंतर चुकलं आहे. मीटरभराचा आणि सगळीकडे एकाच बाजूला असेल तर एक नोझल तुंबलं आहे.

वारा किती चालतो?

ताशी दहा किलोमीटरच्या आत. पण वारा अजिबात नाही म्हणजे उत्तम, असंही नाही. हरभऱ्याच्या दिवसांत पहाटे धूर वर न जाता जमिनीलगत थरासारखा पसरलेला दिसतो. तेव्हा बारीक थेंब खाली न बसता तरंगत शेजारच्या वावरात जातात. धूर वर चढायला लागेपर्यंत थांबा. पानांवरून दव ओघळत असेल तरी थांबा.

तणनाशकाबाबत आम्ही फार कडक आहोत. २,४-डी कपाशीला अत्यंत कमी प्रमाणातही बाधतं. पानं भेंडीच्या पानासारखी बोटं-बोटं होतात. शेजारी कपाशी असेल तर ड्रोनने २,४-डी मारूच नका. ज्या टाकीत ते एकदा गेलं ती नळ्या-नोझलसकट तीनदा धुतली तरी कपाशीवर नेऊ नका. तणनाशकासाठी टाकी आणि नळ्या वेगळ्याच ठेवा. शेजाऱ्याची नुकसानभरपाई एका हंगामाची कमाई घेऊन जाते.

काटोल-नरखेडच्या संत्र्यावर ड्रोन चालेल का?

मर्यादित. सोयाबीन सपाट असतं, संत्र्याचं झाड घुमटासारखं. ड्रोनचं दहा लिटर पाणी शेंड्यावर आणि बाहेरच्या पानांवर बसतं, आतल्या फांद्यांपर्यंत फार कमी पोचतं. कोळशी ज्या काळ्या माशीमुळे येते ती पानाच्या खालच्या बाजूला असते, तिथे तर आणखी कमी. नव्या पालवीवरच्या सायला किडीसाठी उपयोग होऊ शकतो, कारण पालवी बाहेरच असते. दाट जुन्या बागेला ट्रॅक्टरचा ब्लोअरच बरा, हे बागायतदाराला आधीच सांगा. खरीपात काळ्या मातीत ट्रॅक्टर रुततो, तेव्हाचं सोयाबीन, उंच वाढलेली पऱ्हाटी आणि तूर, मौदा-रामटेककडचं धान ही ड्रोनची खरी जागा आहे.

अनुदान मिळतं का?

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत ग्रामीण उद्योजक, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्थेच्या भाडेतत्त्व केंद्राला ४० टक्के, कमाल ४ लाख रुपये, आणि कृषी पदवीधराच्या केंद्राला ५० टक्के, कमाल ५ लाख अशी तरतूद आहे. महिला बचत गटांसाठी नमो ड्रोन दीदी योजनेत ८० टक्के, कमाल ८ लाख. अर्ज कधी सुरू आहेत ते तालुका कृषी कार्यालयात विचारा आणि मंजुरीपूर्वी यंत्र घेऊ नका.

परवाना काय लागतो?

ड्रोनला नोंदणी क्रमांक आणि त्या मॉडेलला मान्यता असल्याचं टाइप सर्टिफिकेट, पायलटला मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचं रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि तृतीय पक्ष विमा. प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५ आणि दहावी पास असावं लागतं. ते १० वर्षं चालतं. विमा आणि टाइप सर्टिफिकेटमधून नॅनो वर्गाला सूट आहे. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, तेव्हा "बाहेरून आणलेला, बिल नाही" असा स्वस्त ड्रोन घेतला तर नोंदणीची अडचण तुमच्याच गळ्यात पडते.

लग्नाच्या कामाला परवानगीची गरज नसते, खरं का?

नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, एवढंच खरं आहे. मायक्रो ड्रोन पैसे घेऊन उडवला तर ते लागतं. आणि नागपुरात खरी अडचण जागेची आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत रेड झोन असतो, तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात यलो झोन असतो. तिथे जमिनीपासूनच हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. सोनेगावचं विमानतळ शहराला चिकटून असल्याने खामला, मनीषनगर, बेसा आणि वर्धा रोडवरचे बरेच लॉन या दोन पट्ट्यांत येतात. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगी न लागणारा ग्रीन झोन २०० फुटांपर्यंतच, त्यापुढे ४०० फुटांपर्यंत. लष्करी आणि संरक्षण उत्पादनाच्या जागांजवळ, म्हणजे कामठी छावणी, अंबाझरीचा आयुध निर्माणी परिसर अशा ठिकाणी, डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन पेटीतूनही काढू नका. लग्नाचा ॲडव्हान्स घेण्यापूर्वी लॉनचा पत्ता डिजिटल स्कायच्या नकाशावर पाहा, आणि सणासुदीला पोलिसांचा वेगळा मनाई आदेश आहे का तेही तपासा.

कामात बिघडतं ते असं: मंडपाच्या लोखंडी सांगाड्याजवळून उडवल्याने कंपास भरकटतो, वरातीत फटाक्याचा बाण मध्ये येतो, झेंडूच्या माळांच्या दोऱ्यात पंखा अडकतो. वरात पाहुण्यांच्या डोक्यावरून नाही, बाजूने घ्या.

प्लॉटचा ड्रोन सर्व्हे करून हद्द ठरवून देता येईल का?

नाही, आणि हे ग्राहकाला लेखी द्या. हद्दीची कायदेशीर मोजणी भूमी अभिलेख विभागच करतो, कोर्टात त्याचीच 'क' प्रत चालते. तुमचा नकाशा लेआउटचं नियोजन, रस्ते, उतार आणि माती भरण्याचा अंदाज यासाठी.

पाच एकरांच्या जागेवर ६० मीटर उंचीवरून एक इंची सेन्सरचा कॅमेरा लावून उडवलं तर फोटोतला एक ठिपका जमिनीवर दीड-पावणेदोन सेंटीमीटरचा येतो. फोटो पुढे ७५ टक्के आणि बाजूला ७० टक्के एकमेकांवर चढवा. चार कोपरे आणि मध्य असे पाच नियंत्रण बिंदू चुन्याने आखून सेंटीमीटरपर्यंत अचूक जागा सांगणाऱ्या आरटीके जीपीएसने मोजा. शिवाय दोन बिंदू असे मोजा जे सॉफ्टवेअरला द्यायचे नाहीत. नकाशा तयार झाल्यावर त्यांच्याशी ताडून पाहिलं की खरी चूक कळते. फक्त चार कोपरे घेतले तर नकाशा मधोमध बशीसारखा फुगतो किंवा खचतो आणि उताराचा अंदाज चुकतो.

पावसाळ्यानंतर जागेवर कमरेएवढं गवत असेल तर ड्रोनला जमीन दिसत नाही, गवताचा शेंडा दिसतो. मग माती भरण्याचा हिशेब त्या गवताच्या उंचीएवढा चुकतो. अशी जागा आली तर आधी गवत कापायला सांगा, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत काम पुढे ढकला.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला नेमकं काय विचारू?

भरलेल्या टाकीसह तुमच्या समोर सलग तीन उड्डाणं करायला लावा आणि प्रत्येक उड्डाणानंतर बॅटरीचे व्होल्ट लिहून घ्या. चार्जर एका वेळी किती जोड्या भरतो आणि किती वेळात, हे कोटेशनवर मागा. पंखा, मोटर, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी, पंप आणि नोझल नागपुरात मिळतात की पुण्याहून मागवावे लागतात ते विचारा. ऑगस्टमध्ये मोटर गेली आणि सुटा भाग यायला दहा दिवस लागले, तर तो हंगाम तिथेच अर्धा संपतो. भाग मिळायला उशीर होत असेल तर एक जादा मोटर, एक पंप आणि पंख्यांचे दोन संच यंत्राबरोबरच घ्या, आणि त्यांची किंमत त्याच बिलात धरून मगच दोन विक्रेत्यांची तुलना करा.